बोरचं जड पाणी, गिझरमधले क्षार आणि आम्ही निवडलेला उपाय

वाघोलीच्या आमच्या रो हाऊसला मुख्यतः बोरचं पाणी आहे. नळांच्या तोट्यांवर पांढरे डाग पडतात, शॉवरची अर्धी भोकं बुजून पाणी वाकडंतिकडं उडतं, याची सवय झालेली. पण यंदा गिझर तापायला पूर्वीपेक्षा खूप वेळ घेऊ लागला आणि आतून तडतड आवाज यायला लागला. प्लंबरकाकांनी मेन स्विच बंद करून टाकी रिकामी केली, खालची प्लेट उघडली आणि एलिमेंट बाहेर काढलं. त्यावर बोटाएवढा जाड, खरबरीत थर होता. टाकीच्या तळाशी त्याचेच पापुद्रे साचलेले. काका म्हणाले, "ताई, गिझर चांगलाय. क्षारांनी धरलाय."

थंड पाण्याच्या पाइपात एवढा थर बसत नाही, मग गिझरमध्येच का? बेसॉल्टच्या खडकातून येणाऱ्या आपल्याकडच्या बोरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असतात. पाणी तापलं की कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूतलाच पदार्थ, उरतो. तो जिथे पाणी सर्वांत गरम असतं तिथे, थेट एलिमेंटवर चिकटतो. हा थर उष्णता अडवतो, त्यामुळे पाणी उशिरा तापतं, एलिमेंट मात्र आत जास्त तापून लवकर जळतं. तडतड आवाज थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते त्याचा.

एलिमेंट आणि शॉवर सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवले. किराणा दुकानात हे लिंबूफूल म्हणून मिळतं. कोमट पाण्यात टाकलं की थरातून बुडबुडे निघतात आणि तो मऊ पडतो. गिझरच्या टाकीला आतून काचेचा लेप असतो, म्हणून तिथे छिन्नी-हातोडी चालवू दिली नाही. हाताने पापुद्रे काढले, टाकी गंजू नये म्हणून आत असलेला मॅग्नेशियमचा दांडा बराच झिजला होता तो बदलला आणि प्लेटचं गॅस्केट नवं घातलं. बाथरूममध्ये संगमरवर असेल तर हे पाणी त्यावर सांडू देऊ नका, फरशी कायमची डागाळते. आणि ब्लीचसोबत कुठलंही अ‍ॅसिड कधीच वापरू नका, विषारी वायू निघतो.

थर काढला तरी पाणी तेच राहणार, म्हणून आधी ते मोजायचं ठरवलं. पाहायला आलेला पहिला विक्रेता टीडीएस मीटर घेऊन आला होता. त्या मीटरवर विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज येतो, त्यांतले पाणी जड करणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे किती हे कळत नाही. म्हणून जडपणा मोजायचं थेंबांचं किट आणलं. पाण्याच्या नमुन्यात रंगद्रव्य टाकलं की तो वाइनसारखा लाल होतो, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे. लाल रंग जाऊन स्वच्छ निळा आला की थांबायचं. आमच्या पाण्याचा आकडा लिटरला 450 मिलिग्रॅमच्या आसपास आला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 ही पसंतीची मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं. म्हणजे आमचं पाणी पिण्याच्या दृष्टीने मर्यादेत, पण गिझरसाठी वाईट.

मग तेच पाणी पंधरा मिनिटं उकळलं, आटलेलं पाणी डिस्टिल्ड वॉटरने भरून काढलं, गाळलं आणि पुन्हा मोजलं. आकडा 210 वर आला. राहिलेलं 240 उकळताना खाली बसलं. गिझर पाणी उकळत नाही, त्यामुळे सगळंच बसत नाही, पण दर लिटरमागे पाव ग्रॅमपर्यंत थर बनू शकतो हे कळल्यावर एलिमेंटची ती अवस्था का झाली ते उलगडलं.

पर्यायांमध्ये पाइपला बाहेरून लावायचं चुंबकीय यंत्र सर्वांत स्वस्त आणि सोपं. त्यातून कॅल्शियम बाहेर जात नाही, त्यामुळे किटवर आकडा तोच राहतो. दावा असा, की थर चिकटत नाही. याच्या चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत आणि घरी पटकन तपासायचा मार्ग नाही, म्हणून मी ते बाजूला ठेवलं. पॉलिफॉस्फेटच्या पांढऱ्या गोळ्यांचा छोटा फिल्टर वॉशिंग मशीनपुढे उपयोगी पडतो, तो क्षारांना काही काळ पाण्यातच धरून ठेवतो. मात्र जास्त तापमानाला पॉलिफॉस्फेट विघटित होऊन त्याचा परिणाम घटतो, आणि आमची अडचण तर गिझरचीच होती. अख्ख्या घराला आरओ बसवला तर जडपणा जातो, पण बरंच पाणी गटारात सोडावं लागतं. टँकर मागवणाऱ्या घराने ते करू नये, असं माझं ठाम मत आहे.

उरला रेझिनचा सॉफ्टनर. रेझिनचे बारीक मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या दाट पाण्याने धुऊन पुन्हा कामाला लावायचे. विक्रेता 'मॅडम, चार माणसांना हे पुरेल' म्हणेल, त्यावर न राहता हिशेब करावा. रेझिनच्या लिटरमागे 100 ग्रॅम मीठ वापरलं तर तो साधारण 45 ग्रॅम जडपणा धरतो. 25 लिटर रेझिन म्हणजे 1125 ग्रॅम. 450 मिलिग्रॅमच्या पाण्याला ते 2500 लिटरपर्यंत पुरेल. आम्ही फक्त दोन बाथरूम आणि वॉशिंग मशीनला जोडलं, दिवसाला 300 लिटरच्या आसपास. म्हणून दर रविवारी अडीच किलो मीठ घालून धुतो, थोडी शिल्लक राहते. मीठ वाढवलं तर क्षमता वाढते, पण त्या प्रमाणात नाही.

स्वयंपाकघर आणि बाग मुद्दाम जुन्या लाइनवर ठेवली. 100 मिलिग्रॅम जडपणा काढला की पाण्यात साधारण 46 मिलिग्रॅम सोडियम येतं. आमच्या पाण्यात ते 200 च्या वर जातं. बाबांना रक्तदाब आहे आणि झाडांनाही सोडियम सोसत नाही. धुण्याचं खारट पाणीही झाडांना न देता थेट ड्रेनेजला जातं.

बसवताना एक गोष्ट आधी पाहिली पाहिजे: प्रेशर. गच्चीवरच्या टाकीचं पाणी नुसत्या उंचीवर मीठ ओढून घ्यायला अपुरं पडतं. आमच्याकडे प्रेशर पंप साधारण 2 बार देतो, तेव्हा बादलीतल्या मिठाच्या पाण्याची पातळी डोळ्यांदेखत उतरते. ती उतरली नाही तर रेझिन धुतलं गेलेलं नसतं, वरून सगळं ठीक दिसत असलं तरी. सॉफ्टनरच्या आधी गाळ अडवणारा फिल्टर हवाच, आणि पाण्यात लोह असेल तर ते आधी काढायला हवं, नाहीतर मण्यांवर तांबूस थर बसून त्यांची क्षमता जाते.

आता किटवर बाथरूमच्या पाण्याचा आकडा 20 च्या खाली येतो. साबण कमी लागतो, अंग धुतल्यावर मात्र बुळबुळीत वाटतं, त्याची सवय व्हायला वेळ लागला. टीडीएस मीटर जवळपास तोच आकडा दाखवतो, कारण क्षार कमी झाले नाहीत, बदलले आहेत. गिझरचा मॅग्नेशियमचा दांडा या पाण्यात लवकर झिजू शकतो, म्हणून वर्षाला तो उघडून बघायचं काकांशी ठरवलंय. उन्हाळ्यात बोर खाली गेला आणि टँकर सुरू झाला की पाणी बदलतं, तेव्हा मी पुन्हा थेंब मोजते आणि रविवारचा दिवस पुढे-मागे करते.