लोमेचा करार आणि माफीची हद्द

कंपनीने फ्रीटाऊनला पाठवल्यापासून मावशीचा फोनवर एक प्रश्न ठरलेला असतो: "अरे, ज्यांनी माणसांचे हात तोडले, त्यांना तिथे सोडून कसं दिलं रे?" फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन या देशाचं नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या तोंडी नसतं, तरी सैन्यातल्या जुन्या मंडळींना ते आठवत असेल. 2000 साली इथल्या पूर्व भागात, कैलाहूनला, शांतिसेनेतले भारतीय जवान बंडखोरांच्या वेढ्यात अडकले होते आणि जुलैमध्ये 'ऑपरेशन खुकरी' करून त्यांची सुटका झाली. ही घटना माफीच्या करारानंतर सुमारे वर्षभराने घडलेली आहे.

आधी तो करार. मार्च 1991 मध्ये रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंट, म्हणजे आरयूएफ, ही बंडखोर संघटना लायबेरियाच्या हद्दीतून आत शिरली आणि युद्ध सुरू झालं. 6 जानेवारी 1999 ला बंडखोर राजधानी फ्रीटाऊनमध्ये घुसले. माणसं मारली, घरं जाळली, हात तोडले, बायकामुलांना पळवून नेलं. त्यांना शहराबाहेर हुसकावलं ते मुख्यतः नायजेरियाच्या सैन्याने, पण नायजेरियालाही आता हे युद्ध झेपत नव्हतं आणि ते फौज काढून घ्यायच्या विचारात होते. निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष अहमद तेजान कब्बा यांच्याकडे स्वतःचं भरवशाचं सैन्य उरलेलं नव्हतं. अशा अवस्थेत 7 जुलै 1999 ला टोगोची राजधानी लोमे इथे करार झाला. त्याच्या नवव्या कलमाने आरयूएफचा म्होरक्या फोदे सांकोह याला संपूर्ण आणि बिनशर्त माफी दिली. दोन्ही बाजूंच्या सगळ्या लढवय्यांनी करारापर्यंत जे जे केलं, तेही त्याच कलमाने माफ झालं.

सह्यांच्या वेळी संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी फ्रान्सिस ओकेलो यांनी आपल्या सहीसोबत एक टीप हाताने लिहिली: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि मानवतावादी कायद्याचे इतर गंभीर भंग यांना ही माफी लागू होत नाही, असं संयुक्त राष्ट्रं मानतात. त्या क्षणी तिला कुणी फारसं महत्त्व दिलं नसेल, पण पुढचा सगळा खटाटोप त्या टिपेच्या आधाराने उभा राहिला.

आंतरराष्ट्रीय कायदा माफीच्या विरोधातच आहे, असा आपला समज असतो. तसं नाही. जिनिव्हा करारांना 1977 साली जोडलेला दुसरा प्रोटोकॉल अंतर्गत युद्धांसाठी आहे, आणि तो उलट सांगतो की लढाई थांबल्यावर सत्ताधाऱ्यांनी लढणाऱ्यांना शक्य तितकी व्यापक माफी द्यायचा प्रयत्न करावा. बंड केलं, हत्यार उचललं, सरकारी सैनिकाशी लढलात, राजद्रोह केलात, तर यासाठी माफी देता येते आणि द्यावीच. नाहीतर हत्यार खाली ठेवणार कोण? पण या कलमाचा अर्थ नागरिकांच्या कत्तलीला माफी असा होत नाही, असं रेड क्रॉसने वारंवार स्पष्ट केलं आहे. वंशसंहार आणि छळ यांवरचे करार तर सही करणाऱ्या देशावर खटला भरण्याचं बंधनच टाकतात. यांच्या मधला पट्टा मात्र धूसर आहे. अंतर्गत युद्धातल्या गुन्ह्यांना माफी द्यायला बंदी आहे, असं सरळ सांगणारा एकही जागतिक करार नाही. कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम कायद्यातही माफीबद्दल अवाक्षर नाही.

लोमे टिकलं नाही. करारात सांकोहला माफीबरोबर एक पदही मिळालं होतं: देशाच्या खनिज संपत्तीच्या आयोगाचं अध्यक्षपद, उपराष्ट्राध्यक्षाच्या दर्जासह. ज्या हिऱ्यांवर त्याचं युद्ध चाललं, त्यांचीच किल्ली त्याच्या हातात दिली. मे 2000 मध्ये आरयूएफने शांतिसेनेचे सुमारे 500 लोक धरून ठेवले. 8 मे ला फ्रीटाऊनमध्ये लोक सांकोहच्या घरावर मोर्चा घेऊन गेले, तिथे गोळीबारात माणसं मेली, आणि काही दिवसांत तो पकडला गेला. जूनमध्ये कब्बांनी संयुक्त राष्ट्रांना पत्र लिहून न्यायालय मागितलं. माफीवर सही करणारेच आता खटला मागत होते.

माझं मत विचाराल तर जुलै 1999 मध्ये माफी देण्यावाचून गत्यंतर नव्हतं, पण पद देण्याची गरज नव्हती. या दोन गोष्टी एका दमात बोलल्या जातात आणि मग 'माफीने शांतता येत नाही' असा निष्कर्ष निघतो. मला तो पटत नाही. हजारो पोरांनी बंदुका टाकल्या, त्यामागे आपल्यावर खटला होणार नाही ही खात्रीही होती.

जानेवारी 2002 मध्ये सरकार आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार होऊन 'सिएरा लिओन विशेष न्यायालय' स्थापन झालं. ते फ्रीटाऊनमध्येच बसलं. आता त्या आवारात शांतता संग्रहालय आहे. न्यायालयाच्या कायद्याचं दहावं कलम म्हणतं की आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांच्या खटल्याला माफी आड येणार नाही. देशी कायद्यातले काही गुन्हेही न्यायालयाच्या कक्षेत घातले होते, घरं जाळणं वगैरे, पण त्यांच्याबाबतीत दहावं कलम गप्प आहे, म्हणजे तिथे लोमेची माफी तशीच राहिली. आणखी एक मर्यादा अशी, की खटला फक्त 'सर्वाधिक जबाबदारी' असलेल्यांवरच. आरोपपत्रं निघाली एकूण 13.

आरोपींनी अर्थातच लोमेचा कागद पुढे केला. संयुक्त राष्ट्रं आणि शेजारी देश यांच्याही सह्या आहेत, म्हणजे हा आंतरराष्ट्रीय करार आहे, असा त्यांचा दावा होता. 13 मार्च 2004 च्या निकालात अपील पीठाने तो फेटाळला. बाकीच्यांच्या सह्या जामीनदाराच्या आहेत, त्याने देशांतर्गत समझोत्याचा आंतरराष्ट्रीय करार होत नाही. ही माफी देशाच्या स्वतःच्या न्यायालयांना बंधनकारक, पण ज्या गुन्ह्यांवर कोणताही देश खटला चालवू शकतो, त्यांच्या बाबतीत एक देश इतरांचा हक्क पुसून टाकू शकत नाही. हा निकाल लोक अर्धाच सांगतात. न्यायाधीशांनी असंही मान्य केलं होतं की अशा माफीला बंदी करणारा नियम अजून घडतो आहे, पक्का झालेला नाही. माफी दिली म्हणून सिएरा लिओनने कायदा मोडला, असं ते म्हणाले नाहीत. आमच्यापुढे ती चालणार नाही, एवढंच म्हणाले.

मग खटले चालले. सांकोह निकालाआधीच 2003 मध्ये मेला. आरयूएफच्या इसा सेसेला 52 वर्षं लागली. लायबेरियाचा माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर याला या बंडखोरांना मदत केल्याबद्दल हेगमध्ये बसून याच न्यायालयाने 2012 मध्ये 50 वर्षांची शिक्षा दिली. 15 वर्षांखालच्या मुलांना सैन्यात ओढल्याबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयातली पहिली शिक्षा इथलीच, 2007 ची. कायद्याप्रमाणे 15 ते 18 वयाच्या मुलांवरही खटला भरता आला असता. न्यायालयाचे मुख्य अभियोक्ता डेव्हिड क्रेन यांनी तो भरणार नाही असं जाहीर केलं, ते योग्यच झालं.

याच काळात सत्य आणि सलोखा आयोगही काम करत होता. लोमे करारातच त्याची तरतूद होती. दक्षिण आफ्रिकेतल्या आयोगाकडे एक चावी होती: सगळं खरं सांगाल तरच माफी. इथे माफी आधीच, काही न सांगता मिळालेली. मग गुन्हेगाराने आयोगापुढे येऊन तोंड उघडायचं कशासाठी? त्यात शेजारीच न्यायालय. आयोगाकडचं साहित्य आम्ही वापरणार नाही असं क्रेन सांगत राहिले, तरी लोकांच्या मनातली भीती गेली नाही. तरीही आयोगाने हजारो जबाब घेतले, 2003 मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत सुनावण्या केल्या आणि 2004 मध्ये अहवाल दिला.

दोन्ही संस्थांची खरी टक्कर झाली ती सॅम हिंगा नॉर्मन यांच्यावरून. हे सरकारच्या बाजूने लढलेल्या कामाजोर या पारंपरिक शिकाऱ्यांच्या दलाचे नेते, पकडले गेले तेव्हा देशाचे गृहमंत्री. अनेकांसाठी ते वीर होते, पण त्यांच्या माणसांनीही नागरिक मारले होते. तुरुंगातून त्यांनी मागणी केली की मला आयोगापुढे जाहीरपणे बोलायचं आहे. न्यायालयाने नकार दिला. अपिलात मिळालं ते इतकंच, की लेखी प्रतिज्ञापत्र द्या. आयोगाला ते मान्य झालं नाही. आरोपीचा जाहीर जबाब खटल्याला बाधक ठरेल, ही न्यायालयाची भीती खोटी नव्हती. पण 2007 मध्ये निकालाआधीच नॉर्मन कोठडीत असताना वारले, आणि त्यांचं म्हणणं आयोगापुढे, लोकांच्या समोर, कधी आलंच नाही. दोन संस्था एकाच वेळी चालवायच्या तर कैदेतला माणूस कुणापुढे आधी बोलणार, हे कागदावर आधी ठरवायला हवं होतं. इथे ते ठरलंच नव्हतं.

उरलेल्यांचं काय? तोच मावशीचा प्रश्न आहे. ज्यांच्या हातात कोयता होता त्यांतले बहुतेक त्या 13 जणांत नव्हते. देशी न्यायालयांत माफी चालूच आहे. ते गावी परतले. 'फंबुल टॉक' नावाच्या संस्थेने 2008 पासून गावोगाव रात्री शेकोटी पेटवून बैठका घेतल्या, तिथे पीडित आणि गुन्हेगार गावासमोर बोलतात. या बैठकांचा 200 गावांत अभ्यास झाला, तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष दुहेरी आहेत. लोक माफ करायला जास्त तयार झाले, गावातले संबंध सुधारले, पण नैराश्य, चिंता आणि जुन्या आघाताचा मानसिक त्रास वाढला. बोललं की मन हलकं होतं, हे सरसकट खरं नाही.

इथे लमली बीचवर अपंगांचा फुटबॉल चालतो. मैदानातले खेळाडू एका पायाचे, कुबड्यांवर पळणारे, गोलकीपर एका हाताचा. कुबडी ओल्या वाळूत रुतते, ती उपसून पुन्हा पुढे टाकताना दंडाच्या शिरा ताठ दिसतात. मुद्दाम कुबडीने चेंडू अडवला तर हँडबॉल. सामना संपल्यावर त्यांच्यातल्या एकाशी बोलणं झालं. कोणत्या निकालाने समाधान वाटलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "टेलर तुरुंगात आहे ते बरं आहे. माझ्या मुलांची फी कोण भरणार?"

आयोगाने पीडितांना निवृत्तिवेतन, मोफत औषधोपचार आणि मुलांच्या शिक्षणाची शिफारस केली होती. प्रत्यक्षात भरपाईचा कार्यक्रम सुरू झाला तो अहवालानंतर चार-पाच वर्षांनी, आणि बहुतेक नोंदणीकृत पीडितांच्या हाती एकदाच सुमारे 100 डॉलर पडले, तेही मुख्यतः संयुक्त राष्ट्रांच्या निधीतून. ज्या राज्याने पीडितांचा दावा लोमेत सोडून दिला, त्याच राज्याने भरपाई द्यायची असते. सत्य, उपाय आणि भरपाई हा पीडितांचा हक्क आहे, अशी तत्त्वं संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 2005 मध्ये मंजूरही केली आहेत. माफी, खटले आणि आयोग या तिन्हींवर इथे भरपूर वाद झाला. भरपाईवर मात्र वाद घालायलाही फारसं कुणी पुढे आलं नाही.