धुरक्याच्या दिवसांसाठी एक कागद आणि त्यासाठी तीन खेपा

दमा मला लहानपणापासून आहे. हवा बिघडलेल्या दिवसांत काय करायचं, हे मात्र अनेक वर्षं मी अंदाजानेच ठरवत होते. मला डॉक्टरांच्या हातचा एक लिखित आराखडा हवा होता: श्वास कितीपर्यंत खाली आला की काय घ्यायचं आणि कधी दवाखाना गाठायचा. तो मिळवायला तीन खेपा लागल्या. त्याचा राग अजून गेलेला नाही.

पहिल्या खेपेला दोन तास बसल्यावर नंबर लागला आणि चिठ्ठीवर आलं, "त्रास झाल्यास पंप." त्रास म्हणजे किती? रात्री खोकून जाग आली तर? जिना चढताना धाप लागली तर? "तुम्हाला कळेलच," असं उत्तर मिळालं. मला तेच तर कळत नव्हतं. दम हळूहळू वाढतो तेव्हा त्याची सवय होते आणि आपण बरे आहोत असंच वाटत राहतं. दुसऱ्या खेपेलाही तीच चिठ्ठी, फक्त तारीख नवी.

तिसऱ्या खेपेआधी मी पीक फ्लो मीटर आणलं. फुंकर किती जोरात बाहेर पडते हे दाखवणारी ही साधी नळी. दम आटोक्यात असताना दोन आठवडे, सकाळ-संध्याकाळ, उभं राहून तीन फुंकरा मारल्या आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा वहीत लिहिला. माझा सर्वोत्तम आकडा ४२० आला. ती वही मी टेबलावर ठेवली आणि डॉक्टरांना म्हटलं, "आता या आकड्यांवरून लिहून द्या." पाच मिनिटांत कागद तयार झाला! पाच मिनिटांच्या कामासाठी मी दोन हिवाळे अंदाजावर काढले होते.

कागदावर तीन पट्टे आहेत. सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्के, म्हणजे ३३६ च्या वर असेन तर नेहमीची औषधं. ३३६ ते २१० मध्ये असेन तर आराम देणारा पंप आणि रोजच्या पंपात डॉक्टरांनी ठरवून दिलेली वाढ. २१० च्या खाली, म्हणजे निम्म्याहून कमी, तर पंप घेत थेट दवाखाना. हे आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे येतील.

तो कागद पहिल्यांदा उपयोगी पडला ती सकाळ आठवते. बाहेर समोरची इमारत धूसर दिसत होती, घशात खवखव होती, मीटरवर ३००. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून आराम देणाऱ्या पंपाचे दोन फवारे घेतले. एक फवारा, चार-पाच संथ श्वास, पंप हलवून मग दुसरा. वीस मिनिटांनी ३६०. चार तासांच्या आत पुन्हा पंप लागला असता तर डॉक्टरांना फोन करायचा, असं लिहिलेलं होतं. तशी वेळ आली नाही. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मात्र मीटर बघत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

रोजचा स्टिरॉइडचा पंप त्या दिवसापुरता घेऊन भागत नाही. श्वासनलिकेची सूज उतरायला त्याला काही दिवस, कधी आठवडे लागतात, म्हणून हवा चांगली असतानाही तो चालू हवा. घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी होते.

चालायला मी पहाटे जायचे, ती चूक होती. थंडीत पहाटे हवा जमिनीलगत अडकून राहते आणि धूरही तिच्याबरोबर. दुपारी ऊन तापल्यावर ती वर सरकते. ॲपवर दिसणारा हवेच्या प्रदूषणाचा आकडा बऱ्याचदा चोवीस तासांची सरासरी असतो, त्यामुळे तासागणिकचा आलेख उघडून बघा. कडक उन्हाळ्यात गणित उलटतं: दुपारी ओझोन हा श्वासाला त्रास देणारा वायू वाढतो, मग सकाळच बरी. आकडा फारच वाईट असेल तर मी घरातच हलका व्यायाम करते.

खिडक्याही मी त्याच आलेखावर उघडते. बंद घरात डासांची कॉइल किंवा फोडणीचा धूर साचला तर बाहेरच्यापेक्षा जास्त त्रास होतो, म्हणून कॉइल बंदच केली, आणि धूळ उडू नये म्हणून केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसते. हवा शुद्ध करायचं यंत्र घ्यायचं तर बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचं घ्या, ओझोन सोडणारं नको.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं: पंपावरचा उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा बघत जा. औषध संपल्यावरही पंपातून वायू येत राहतो, फवारा उडाल्यासारखा वाटतो. आकडा दाखवत नसेल तर घेतलेले फवारे मोजून ठेवा. २०० फवाऱ्यांचा पंप रोज चार घेतले तर ५० दिवसांत संपतो. मी संपायची तारीख पंपावरच पेनाने लिहून ठेवते.