राखीला दादासाठी आजीच्या ओव्या

दादाला मधुमेह आहे, त्यामुळे मिठाई बाद. आणि पाकिटं तर आम्ही एकमेकांना देऊन पुन्हा एकमेकांच्या मुलांच्या हातात कोंबतो. यंदा मला त्याला बाबांनी 1991 साली गावी टेप केलेली आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट ऐकण्याजोगी करून द्यायची होती. राखीला हीच का, तर आजीच्या निम्म्या ओव्या तिच्या भावावर आहेत. सासरी पहाटे दळताना बाई माहेर आठवते, भावाची वाट बघते. जात्यावर भाऊराया हमखास येतो.

कॅसेट साठ मिनिटांची होती. शेजारच्या काकांचा जुना प्लेअर मागून आणला, फितीवरचा आवाज वाचणाऱ्या हेडवरची तपकिरी पुटं आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसली आणि कॅसेट लावली. आवाज आला, पण विहिरीतून आल्यासारखा. मध्येच थोडा उघडायचा, पुन्हा दबायचा. फीत खराब झाली असती तर दोष त्या त्या जागीच राहिला असता. हा सगळीकडे होता. कॅसेट उलटी करून तिच्या खालच्या तोंडातून पाहिलं तेव्हा कळलं. फितीच्या मागे धातूच्या बारीक पट्टीवर फेल्टचा एक छोटा तुकडा चिकटवलेला असतो, तो फितीला हेडवर दाबून धरतो. इतक्या वर्षांत डिंक वाळून तो तुकडा गळून पडला होता. जुन्या कॅसेटचा हा अगदी नेहमीचा आजार आहे, आणि लोक यालाच ‘टेप गेली’ म्हणून कॅसेट फेकून देतात.

आमच्या कॅसेटला स्क्रू नव्हते, कवच चिकटवून बंद केलेलं. मग पाच स्क्रूंची एक चांगली कॅसेट घेतली, ती उघडून तिची स्वतःची फीत काढून टाकली. आजीच्या कॅसेटच्या कडेच्या सांध्यात पातळ पातं घालून हळूहळू कवच उकललं. दोन्ही चकत्या फितीसकट एकदम उचलून नव्या कवचात ठेवायच्या. एक जरी निसटली तरी गुंता. फितीची आवाज असलेली बाजू बाहेर, म्हणजे हेडकडे, राहिली पाहिजे. वर-खाली असलेले प्लास्टिकचे पातळ कागद विसरायचे नाहीत, त्यांच्यामुळे फीत सरळ गुंडाळते. स्क्रू आवळल्यावर आधी नुसतीच शेवटपर्यंत पुढे पळवली आणि परत मागे आणली, चिकटलेले वेढे सुटावेत म्हणून.

आवाज आला! आजी खोकली, आणि जातं फिरायला लागलं.

लॅपटॉपला जोडताना आणखी एक अडचण. त्याच्या एकुलत्या एक छिद्रात हेडफोन आणि माइक दोन्हींची सोय असते, पण प्लेअरचा आवाज तिथे नीट शिरत नाही. लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्यावं लागलं. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये आवाज घेताना सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील असं बघितलं. आवाज शून्य डेसिबलच्या वरच्या मर्यादेला टेकून फाटला, तर नंतर काहीही करून तो सांधता येत नाही. इथे घाई चालत नाही, अर्ध्या तासाची बाजू अर्धा तासच घेते. मूळ फाइल .wav म्हणून ठेवली. मोनोमध्ये तिला मिनिटाला साधारण पाच एमबी लागतात, म्हणजे फार नाही.

मग सफाई. फितीची ‘सस्स’ कमी करायला आजी गायला लागण्याआधीचा नुसत्या सस्सचा तुकडा निवडून प्रोग्रामला नमुना म्हणून द्यायचा. जोर जास्त लावला की आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो, म्हणून अगदी थोडाच लावला. नमुन्यात जात्याची घरघर येऊ दिली नाही. ती गेली तर ओवीचा ताल जातो. आजी खुंट्याच्या फेऱ्यावरच ओळ तोडते, आणि दाणे घालायला थांबली की ओवीही थांबते.

ओव्या कागदावर उतरवताना काही शब्द लागेनात. आत्याला फोनवर ऐकवले. तिने एका दमात सांगितले आणि वर, “एवढं पण कळत नाही का गं?” हेही ऐकवलं.

राखी बांधून झाल्यावर दादाला पेनड्राइव्ह आणि लिहिलेली वही दिली. त्याने हेडफोन लावले. थोड्या वेळाने एक कान मोकळा करून म्हणाला, “मागे कोण भोकाड पसरतंय?”

“तूच. बाबांनी टेपला हात लावू दिला नाही म्हणून.”

साफ केलेली आणि मूळ, दोन्ही फाइल्स ऐकून त्याने मूळच ठेवली. साफ केलेलीत आजी फार जवळ बसल्यासारखी वाटते म्हणे, ती तर पडवीच्या त्या टोकाला असायची. एवढं करून माझी सफाई बाद! आता त्याच्या माळ्यावरच्या कॅसेटही तो मलाच पाठवतोय. नुसत्या पाकिटात टाकू नकोस, डब्यात घाल, असं दोनदा बजावलंय.