‘कोपर वर, कोपर वर’ म्हणून घसा बसला

मे महिन्यातल्या शिबिरात अकरा वर्षांचा एक मुलगा होता. नजर चांगली, हात सैल, अंगात भीती नाही. पण समोर टाकलेला प्रत्येक बॉल मिडविकेटला. मधल्या स्टंपवर टाकला तरी तिकडेच आणि बहुतेक वेळा हवेत. स्ट्रेट ड्राइव्ह शिकवायचा म्हणजे डावं कोपर वर ठेवायला सांगायचं, एवढंच तोवर माझ्या डोक्यात होतं. आठवडाभर ‘कोपर वर’ ओरडून माझा घसा बसला. तो बिचारा कोपर पंख्यासारखं वर करायचा आणि पुन्हा मिडविकेटलाच मारायचा.

आठव्या दिवशी मी त्याची बॅट हातात घेतली आणि लाज वाटली. ती थोरल्या भावाची, पूर्ण मापाची होती. जमिनीवर उभी केली तर दांडा पोराच्या कमरेच्या वर जात होता. बॅट पेलत नव्हती म्हणून दोन्ही हात दांड्याच्या तळाशी गेले होते आणि खालच्या हाताचा तळवा दांड्याच्या पार मागे वळला होता. अशा पकडीत खालचा हात बॅट ढकलतो, फावड्यानं माती लोटावी तशी. बॅटचं तोंड लेगकडे वळतं आणि बॉल उचलला जातो. वडील म्हणाले, “सर, सचिनपण खालीच धरायचा की!” खरं आहे, सचिनचे हात दांड्यावर बरेच खाली असत आणि त्याचा स्ट्रेट ड्राइव्ह कुणी विसरलेलं नाही. पण आमच्या पोराला बॅट उचलत नव्हती. शिबिराच्या किटातली लहान बॅट त्याला दिली.

पकड शिकवायला मी सूत्रं सांगत बसलो नाही. बॅट जमिनीवर पालथी ठेवली, दांडा त्याच्याकडे. “लाकूड फोडायचंय, कुऱ्हाड उचलतोस तशी दोन्ही हातांनी उचल.” अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात जो ‘व्ही’ होतो, तो दोन्ही हातांचा एका रेषेत आला, बॅटच्या पाठीचा मधला उंचवटा आणि बाहेरची कड यांच्या अधेमधे. मग खालच्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट तेवढं ठेवायला सांगितलं, बाकीची बोटं नुसती टेकलेली. वरचा हात मात्र घट्ट. दोन-तीन दिवसांत बॉल मिडविकेटवरून मिडऑनपर्यंत आला. सरळ मात्र जाईना.

उरलेलं दुखणं डोक्यात होतं आणि ते मला टोपीनं दाखवलं. ऊन मरणाचं, म्हणून सगळ्यांना टोप्या सक्तीच्या होत्या. मी समोर गुडघ्यावर बसलो तेव्हा दिसलं की स्टान्समध्ये त्याच्या टोपीचा पुढचा भाग एका बाजूला कलंडलाय. एक डोळा वर, एक खाली. पाय टाकताना डोकं आणखी ऑफला पडायचं. डोकं ऑफला गेलं की वजन मागोमाग जातं, पुढचा पाय बॉलच्या रेषेत आडवा येतो आणि बॅटला सरळ यायला वाटच उरत नाही. ती पायाला वळसा घालून येते. म्हणजे मिडविकेट ही त्याची सवय नव्हती, नाइलाज होता.

डोकं कलायचं कारण खांद्यात निघालं. कुणीतरी त्याला ‘पूर्ण आडवा उभा राहा’ सांगितलं होतं, म्हणून डावा खांदा इतका बंद की मान वळवायला जागाच नव्हती. खांदा जरासा उघडला, पाय खांद्याएवढ्या अंतरावर आणि क्रीजला समांतर, गुडघे ढिले, वजन टाचांवरून काढून चवड्यांवर. टोपी आपोआप आडवी झाली. ‘डोकं सरळ ठेव’ म्हटलं असतं तर त्यानं मान ताठ केली असती, बाकी काही नाही. आता मी नव्या मुलाची टोपी आधी पाहतो, बॅट नंतर.

तरीही गाडी अडली होती आणि यावेळी दोष सरळ माझा होता. थ्रोडाऊन, म्हणजे सरावासाठी जवळून टाकलेले बॉल, म्हटलं की बॉल फेकायची ती लांब दांडीची पळी, साइडआर्म, डोळ्यांसमोर येते. आपण उभे, हात वरून. मीही दहा-अकरा मीटरवर उभा राहून खांद्यावरून टेनिस बॉल फेकत होतो. एवढ्या जवळून वरून फेकलेला बॉल तिरपा खाली येतो आणि टप्पा पडला की मुलाच्या पोटाशी उसळतो. पोटाशी आलेला बॉल सरळ बॅटनं जमिनीलगत मारता येत नाही. तो आडवी बॅट वापरत होता आणि बॉलच्या हिशेबानं बरोबर वापरत होता. मी ड्राइव्ह मागत होतो आणि टाकत होतो पुलचा बॉल!

मग एक गुडघा टेकून बसलो, साधारण आठ मीटरवर. हात खालून आणि बॉल सुटताना गुडघ्याच्या उंचीला. टप्प्यासाठी क्रीजच्या चार फूट पुढे मॅटवर खडूनं ताटाएवढं वर्तुळ काढलं. नव्या टेनिस बॉलऐवजी उसळी मेलेले जुने बॉल घेतले. पाय टाकला की टप्प्यातून नुकताच उठलेला बॉल त्याच्या डोळ्यांखाली यायचा. सहा बॉल टाकायचे, मग दुसरा मुलगा. बाराच्या पुढे हात थकतो आणि खालचा हात पुन्हा जोर करायला लागतो. प्रत्येक शॉटनंतर पुढच्या पायावर तोल धरून तीन आकडे मोजायला लावले. ज्या बॉलला डोकं पडायचं त्याला तो दोनच्या आत हलायचा, म्हणजे चूक मला सांगावी लागत नव्हती. कोपराचं नावही काढलं नाही. वरचा हात पुढे आणि डोकं बॉलवर, मग कोपर स्वतःहून वर आलं.

एक गोष्ट मात्र नडगीवर बॉल बसल्यावर कळली. स्ट्रेट ड्राइव्ह नीट बसला तर तो बॉल टाकणाऱ्यावरच येतो. सुजलेली नडगी घेऊन मी दुसऱ्या दिवशी बाजूला सरकून ऑफकडून टाकू लागलो, तर बॉल तिरका आत यायला लागला आणि मुलं पुन्हा लेगला फिरवू लागली. शेवटी सरळ रेषेतच बसलो, माझ्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पावलांवर कोन ठेवून फाटक केलं आणि जुन्या टेनिस बॉलचा मार सोसला. लेदर बॉल आला की ही बहादुरी नाही. तेव्हा समोर जाळीची चौकट लावतो आणि हात फक्त टाकण्यापुरता बाहेर काढतो.

चौथ्या आठवड्यात त्याचे सहापैकी चार बॉल फाटकातून जायला लागले. मी खुशीत येऊन न सांगता एक बॉल आखूड टाकला. त्यानं त्यावरही पाय काढून ड्राइव्ह मारला आणि सोपा झेल माझ्या हातात दिला. वर्तुळात टप्पा पडणार हे त्याला पाठ झालं होतं, टप्पा पाहायचा असतो हे मी शिकवलंच नव्हतं. आता वर्तुळ पुसलंय. सहातला कुठलाही एक किंवा दोन बॉल आखूड येतात, ते नुसते खाली दाबायचे. परवा पहिल्याच ओव्हरला तो फसला आणि म्हणाला, “सर, सांगून टाका की!”