तुम्ही विचारलंत म्हणून: सतरा वर्षांनंतर कंपनीकडे किती पैसे हवेत?

"सतरा वर्षं हप्ते भरलेत, ते पैसे कंपनीकडे जमा आहेतच ना? मग ती 'रिझर्व्ह' कसला ठरवते, आणि मागचं सोडून पुढचं बघून का?"

एन्डोमेंट पॉलिसीत, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला किंवा मुदत संपली तरी ठरलेली रक्कम मिळते अशा पॉलिसीत, कंपनीवर खरं ओझं असतं ते अजून द्यायच्या रकमेचं. हप्ते कधीच गुंतवले गेलेत, त्यातून काही दावेही दिले गेलेत. आज प्रश्न एवढाच उरतो की पुढे जे द्यायचंय त्याची आजची किंमत किती, आणि त्यातलं किती पुढच्या हप्त्यांतून येईल. पहिल्यातून दुसरं वजा करून जे उरतं, तेवढं आज हातात असायला हवं, आणि तोच रिझर्व्ह.

एक उदाहरण घेऊ. पस्तिसाव्या वर्षी घेतलेली, २० वर्षांची, १० लाखांची पॉलिसी. खर्च आणि बोनस बाजूला ठेवून वर्षाचा हप्ता २७,००० रुपये धरू. सतरा वर्षं झाली, तीन उरली. अशा एक हजार पॉलिसी एकत्र घेतल्या तर हिशेब डोळ्यांसमोर राहतो. व्याज ६ टक्के धरू. मृत्यूंचे आकडे मी सोपे केलेत: पहिल्या वर्षी ५, दुसऱ्या वर्षी ६, तिसऱ्या वर्षी ७. प्रत्यक्षात ते इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाच्या २०१२-१४ च्या मृत्युमान तक्त्यासारख्या तक्त्यावरून येतात.

मृत्यूचे दावे वर्षअखेरीला द्यायचे: ५० लाख, मग ६० लाख, मग ७० लाख. यांची आजची किंमत १ कोटी ५९ लाख. मुदत संपेल तेव्हा ९८२ जण हयात असतील, त्यांना ९८ कोटी २० लाख द्यायचे. तीन वर्षांचं व्याज काढून टाकलं की ते आज ८२ कोटी ४५ लाख होतात. मिळून देणं ८४ कोटी ४ लाख.

आता हप्ते. आज एक हजार जण भरतील, वर्षभराने ९९५, त्यानंतर ९८९. आजची किंमत ७ कोटी ६१ लाख. वजा केले की रिझर्व्ह ७६ कोटी ४३ लाख, म्हणजे एका पॉलिसीमागे साधारण ७ लाख ६४ हजार. भरलेल्या हप्त्यांची बेरीज मात्र फक्त ४ लाख ५९ हजार.

मागे बघूनही, म्हणजे जमा हप्ते अधिक व्याज वजा दावे असं करूनही, हाच आकडा निघतो. पण त्यासाठी सुरुवातीचीच गृहीतकं आजही लागू असावी लागतात. गृहीतक बदललं की दोन वाटा वेगळ्या होतात, आणि मला पुढे बघण्याची पद्धत पटते ती इथेच. समजा, यापुढे ५ टक्केच व्याज मिळेल असं दिसतंय. मागचा हिशेब जागचा हलत नाही. पुढचा हिशेब मात्र ७८ कोटी ७७ लाख दाखवतो, म्हणजे आजच २ कोटी ३४ लाख जास्त हवेत.

आता व्याज ६ टक्केच ठेवून मृत्यू दुप्पट करून बघा. रिझर्व्ह फक्त १२ लाखांनी वाढतो. विमा म्हटलं की लोकांना आधी मृत्यूची भीती वाटते, पण मुदत जवळ आलेल्या एन्डोमेंटमध्ये पैसे द्यायचेच असतात. मृत्यूमुळे ते थोडे आधी द्यावे लागतात आणि उरलेले हप्ते बुडतात, एवढंच. खरी जोखीम व्याजदराची.

आकडा बरोबर आहे का, हे मी असं ताडून बघते: ७६.४३ कोटींत आजचे हप्ते २.७० कोटी मिळवले, त्यावर ६ टक्के व्याज चढवलं, ५० लाखांचे दावे दिले, की ८३.३८ कोटी उरतात. वर्षभराने उरलेल्या ९९५ पॉलिसींचा रिझर्व्ह नव्याने काढला, तरी तेवढाच यायला हवा. नाही आला, तर बहुतेक वेळा घोळ हप्त्याच्या तारखेत असतो. आजचा हप्ता जमा झालेला असूनही "पुढे येणारा" म्हणून धरला, तर रिझर्व्ह एका फटक्यात २ कोटी ७० लाखांनी कमी दिसतो.

प्रत्यक्षात भारतात हिशेब ऑफिस प्रीमियमवर, म्हणजे ग्राहक खरोखर भरतो त्या पूर्ण हप्त्यावर होतो. खर्च आणि बोनस देण्याच्या बाजूला जातात, आणि प्रत्येक गृहीतक थोडं प्रतिकूल धरावं लागतं. पॉलिसी मधेच मोडली तर जी रक्कम द्यायची हमी असते, त्या गॅरंटीड सरेंडर व्हॅल्यूपेक्षा उत्तर कमी आलं, तर निदान तेवढी रक्कम ठेवावीच लागते.

म्हणून ते ७ लाख ६४ हजार "माझ्या खात्यातले" असं समजू नका. हजार जणांच्या देण्याचा तो सरासरी वाटा आहे. पॉलिसी आज मोडली, तर हातात पडेल ती सरेंडर व्हॅल्यू, आणि तिचा हिशेब पॉलिसीच्या अटींप्रमाणे होतो.