चिवड्यातला हिंग आणि लेस्टरची ऑर्डर

ब्रिटनमधल्या लेस्टरच्या गृहस्थांचा मेल आला तो आधी सेल्सकडे गेला. सेल्सच्या मुलाने त्यावर ‘सर्व ओके, नऊ महिने करता येईल’ असं उत्तर टाकलं आणि मग मेल माझ्याकडे ढकलला. आमच्याकडे हा क्रम नेहमीचाच. मी भोसरीतल्या एका फरसाणाच्या कारखान्यात क्वालिटी बघते. परदेशी ऑर्डर म्हटली की लोकांना वाटतं खोकी भरली, कंटेनर न्हावा शेव्याला गेला, झालं. खरं काम त्या आधीच्या कागदांत असतं.

गृहस्थ मूळचे कोथरूडचे, आता तिकडे वाण्यांना माल पुरवतात. त्यांना पातळ पोह्यांचा चिवडा हवा होता आणि मेलमध्ये दोन गोष्टी होत्या. एक, पाकिटावर सहा महिन्यांची मुदत आहे, ती नऊ होईल का? दोन, प्रत्येक घटकाच्या आतले घटक कळवा, कारण पाकिटावर ‘ग्लूटेन फ्री’, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन नसलेलं, असं लिहिलंय आणि त्यांची बरीच गिऱ्हाइकं त्यासाठीच चिवडा मागतात.

मुदतीचा प्रश्न सोपा वाटतो, पण चिवड्यात सगळे घटक एका वेगाने म्हातारे होत नाहीत. पोहे दमट झाले नाहीत तर बराच काळ टिकतात. आधी जातात ते शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप, कारण त्यांचं स्वतःचं तेल असतं आणि हवेतला ऑक्सिजन त्यालाच धरतो. मी प्रत्येक बॅचची काही पाकिटं राखून ठेवते. त्यातली जुनी फोडली तर सहा महिन्यांची खायला चांगली होती, पण त्यापुढच्या पाकिटांत दाण्याला खवट वास येऊ लागला होता. तेलाच्या खवटपणाचं माप असलेला पेरॉक्साइड आकडाही तेच सांगत होता. अर्थात हा आकडा एकट्याने विश्वासाचा नाही; खवटपणा फार वाढला की तो पुन्हा खाली येतो, म्हणून नाक आणि आकडा दोन्ही लागतात.

पाकिटात हवेऐवजी नायट्रोजन भरला की मुदत वाढते हे मालकांनी कुठेतरी ऐकलं होतं. वाढते, पण सील पक्कं असेल तर. पातळ पोह्यांचा चुरा सील होणाऱ्या कडेत अडकला की डोळ्यांना न दिसणारी फट राहते आणि आतला नायट्रोजन हळूहळू निघून जातो. पाकीट पाण्यात बुडवून, वरून हवा खेचून घेतली की बुडबुड्यांची बारीक रेघ दिसते, तेव्हा कळतं. शिवाय मार्केटिंगला अतिप्रिय असलेली समोरची पारदर्शक खिडकी! चिवडा दिसतो म्हणून गिऱ्हाईक खूश, आणि त्याच खिडकीतून प्रकाश शिरून तेल लवकर खराब होतं. खिडकी काढा हे मी किती वर्षं सांगतेय, हे सांगण्यात अर्थ नाही.

मी फोन करून विचारलं, नऊ महिने नक्की कशासाठी हवेत? तेव्हा खरी अडचण कळली. त्यांच्या दुकानदारांना माल हातात येताना तीन-साडेतीन महिने शिल्लक हवे असतात. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली होती, त्यात दहा-पंधरा दिवस जास्त जात. मी हिशोब मांडला: समुद्रात सहा आठवडे, तिकडचं क्लिअरन्स आणि वाटप दोन आठवडे, आणि आमच्याच गोदामात तयार माल तीन-चार आठवडे पडून. म्हणजे सहा महिन्यांतले जवळजवळ तीन महिने गेले. त्यातला गोदामाचा भाग आमच्या हातात होता. कंटेनर भरायच्या आठवड्यातच त्यांचा माल भाजून, तळून, पॅक करायचा आणि पॅकिंग बिनखिडकीचं, धातूच्या थराचं. मुदत सहा महिनेच ठेवली. ‘नऊ लिहिलं तर कागदावर टिकेल, तोंडात नाही,’ असं मी म्हटलं. ते हसले आणि म्हणाले, ‘मॅडम, मला शिव्या तुमच्यापेक्षा आधी पडतील.’

मुदतीचा आणखी एक घोळ होता. आपल्याकडे पाकिटावर एक्सपायरी किंवा ‘यूज बाय’ची तारीख सक्तीची आहे, म्हणून आमच्या चिवड्यावर ती असते. ब्रिटनमध्ये ‘यूज बाय’ ही मासे, ताजं मांस अशा धोकादायक ठरू शकणाऱ्या पदार्थांसाठी, आणि ती उलटल्यावर विकणं गुन्हा आहे. चिवड्याला तिथे ‘बेस्ट बिफोर’ लागतं. ते उलटल्यावर विकता येतं. तारीखही दिवस, महिना, वर्ष अशी सरळ हवी, नाहीतर तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या मालाला निदान महिना आणि वर्ष. ‘पॅकिंगपासून सहा महिने’ चालत नाही. आणि २०२४ पासून तिथल्या आयातदाराचा पत्ता पाकिटावर हवाच. हे सगळं आमच्या डिझायनरला समजावण्यात माझी दुपार गेली. त्याला लोगोचा हिरवा रंग जास्त महत्त्वाचा वाटत होता.

आता हिंग. मी सगळ्या घटकांचे कागद काढून बसले. मोहरी आणि तीळ आपल्या ॲलर्जीच्या यादीत नाहीत, ब्रिटनच्या चौदांच्या यादीत आहेत, दाणे दोन्हीकडे. ही नावं घटकांच्या ओळीत ठळक करायची, झालं. मग हिंगाचा कागद हातात आला: डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. बाजारातला बांधणी हिंग बहुधा असाच असतो, शुद्ध हिंग फोडणीत सहसा कुणी घालत नाही. चिवड्याच्या किलोमागे आम्ही ग्रॅमभर हिंग घालतो. त्यात निम्मं पीठ धरलं तर पाचशे मिलिग्रॅम, त्याचा दहावा भाग ग्लूटेन धरला तर पन्नास. म्हणजे किलोमागे पन्नास मिलिग्रॅम, आणि ‘ग्लूटेन फ्री’ची मर्यादा आहे जास्तीत जास्त वीस. ही मर्यादा ब्रिटनमध्येही आहे आणि आपल्याकडेही.

मालक म्हणाले, ‘एक ग्रॅम हिंगाने कोण मरतं?’ ग्लूटेनने आतड्याला इजा होते अशा सिलिएक रोगाच्या माणसाला असे थोडे अंशही वारंवार पोटात गेले तर बाधतात, हे मी त्यांना शांतपणे सांगितलं. शांतपणे म्हणजे आवाज न चढवता. त्यावर सेल्सचा मुलगा म्हणाला, तांदळाच्या पिठातला हिंग घेऊ. मिळतो, आणि आम्ही मागवलाही. पण ज्या कढईत दाणे आणि खोबरं तळतो त्याच तेलात आदल्या पाळीत मैद्याची भाकरवडी असते. पॅकिंगच्या जागीही मैदा हवेत असतो. हिंग बदलून गव्हाचं नाव घटकांतून गेलं, तरी दाव्याला आधार नव्हता. वेगळी कढई, वेगळं तेल, वेगळी पाळी आणि बॅचची तपासणी, असं केलं तरच. त्याचा खर्च ऐकून मालकांनी विषय बदलला.

गृहस्थांना मी तसंच लिहिलं: दावा काढतोय, खाली ‘गव्हाचे अंश असू शकतात’ असं येईल. त्यांनी ऑर्डर निम्मी केली, पण रद्द केली नाही. निम्म्याचा तोटा मालक अजून माझ्या नावावर मांडतात.

मला सतावतं ते इथलं. पुण्याच्या दुकानांत जाणाऱ्या पाकिटांच्या छापील रोलवर तोच दावा आहे, आणि तसे बरेच रोल गोदामात आहेत. ते संपवून मग बदलू, असं ठरत आलं होतं. लेस्टरसाठी आपण एवढे काटेकोर आणि सदाशिव पेठेसाठी नाही, हे मी मीटिंगमध्ये बोलले. उत्तर आलं की इथे कुणी विचारत नाही. रोलवर मी लाल ‘होल्ड’चं लेबल लावलंय आणि त्याखाली माझी सही आहे. स्टोअरचे मामा रोज विचारतात, काढू का? मी नाही म्हणते. मालकांनी लेखी मागितलंय. ते मी काल दिलं, हिंगाच्या कागदाची झेरॉक्स जोडून.