पन्हा ४४ चा, कापड साडेएक्केचाळीसचं: कटपीस खरेदीची नोंद

गेल्या नोंदीत लिहिलं होतं की पुढचे दोन कुर्ते घाऊक बाजारातल्या कटपीसमधूनच करायचे. पीस मिळाला. छापील रेयॉन, गडद निळ्यावर वर तोंड केलेल्या कळ्या, चिठ्ठीवर लिहिलेलं ‘५.२० मीटर, पन्हा ४४’. यातला एकही आकडा खरा निघाला नाही, तरी सौदा चांगला झाला. तो कसा झाला ते सविस्तर लिहिते.

आधी मापं. माझ्या कुर्त्याची उंची ४२ इंच, खांदा आणि खालची दुमड धरून ४५. सीटला पुढचा आणि मागचा भाग शिलाईसकट प्रत्येकी २२ इंच. म्हणजे ४४ इंच पन्ह्यात दोन्ही भाग शेजारी-शेजारी बरोबर बसतात. वर बाह्यांसाठी २० इंच धरले की ६५ इंचांत, म्हणजे १.६५ मीटरमध्ये कुर्ता निघतो. या हिशोबाने ५.२० मध्ये तीन कुर्तेसुद्धा झाले असते. म्हणून मी कापड हातात घेतल्यावर सगळ्यात आधी टेप आडवा लावला.

काठापासून काठापर्यंत ४३ इंच भरले. पण तेवढं वापरता येत नाही. या कापडाला दोन्ही काठांच्या आत बारीक भोकांची एक ओळ होती. कापड ताणून वाळवताना मशीन दोन्ही कडांना पिनांनी धरतं, त्या पिनांची ही भोकं. मागे एका पॉपलिनच्या कुर्त्यात मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं आणि कटाच्या कडेला ती ओळ कायमची दिसत राहिली. काही कापडांत ती धुतल्यावर बुजतात, पण त्या भरवशावर कटिंग करू नये. शिवाय इथे भोकांच्या आतही थोडी पट्टी बिनछपाईची होती. छपाई जिथे पूर्ण भरते तिथून तिथपर्यंत मोजलं: एका टोकाला ४२, मध्ये साडेएक्केचाळीस, दुसऱ्या टोकाला पुन्हा ४२ ला किंचित कमी. तीन जागी मोजायचं आणि सगळ्यात कमी आकडा धरायचा. माझा पन्हा साडेएक्केचाळीस.

अडीच इंच कमी झाल्याने काय होतं ते नव्याने येणाऱ्यांनी नीट बघावं. दोन भाग शेजारी बसत नाहीत, सीटला काटछाट करता येत नाही, म्हणून ते एकाखाली एक ठेवावे लागतात. ४५ आणि ४५ मिळून ९० इंच, म्हणजे २.२९ मीटर. बाह्या शेजारच्या साडेएकोणीस इंचांच्या पट्टीत निघतात, त्यांना वेगळं कापड लागत नाही. आटण्यासाठी चार टक्के धरले की एका कुर्त्याला २.४० मीटर. कळ्यांची तोंडं वर असल्याने एक भाग उलटा फिरवून जागा वाचवण्याचा प्रश्नच नव्हता. तीन कुर्त्यांचा बेत तिथेच संपला. आता पीसमध्ये दोनदा सलग २.४० मीटर चांगलं कापड आहे का, एवढंच बघायचं राहिलं.

लांबीची चिठ्ठी बहुतेकदा घड्या मोजून लिहिलेली असते. एक घडी म्हणजे एक मीटर, असा हिशोब. इथे पाच पूर्ण घड्या आणि वर २० सेंटिमीटरचा तुकडा होता. एक घडी टेबलावर सपाट पसरून मोजली तर ९७ सेंटिमीटर. पाचही तशाच होत्या. एकूण ५.०५ मीटर. रेयॉन मोजताना ताणायचं नाही हे महत्त्वाचं आहे, कारण हाताने ओढलं की ते सहज दोन-तीन सेंटिमीटर वाढतं आणि सोडलं की परत येतं. दुकानदार पट्टीवर ओढून मोजत असेल तर ‘दादा, जरा सैल सोडून मोजू या’ म्हणावं. कुणी वाईट वाटून घेत नाही.

मग दोष. काठावर एका जागी लाल दोऱ्याची गाठ दिसली. तपासणीत दोष सापडला की असा दोरा बांधतात किंवा काठाला स्टिकर लावतात, म्हणून आधी दोन्ही काठांवरून नजर फिरवावी. दोरा दिसला त्या ओळीत आडवं बघायचं. वरून काहीच दिसेना, कारण गडद छपाईत सगळं लपतं. कापड उजेडासमोर धरल्यावर मात्र या काठापासून त्या काठापर्यंत एक बारीक फट दिसली, पांढऱ्या केसासारखी. आडवा धागा तिथे भरलाच गेला नव्हता. नखाने हलकं सारलं तर शेजारचे धागे सरकले, म्हणजे शिवल्यावर ताण आला की तिथेच उसवणार. हा दोष वाचवता येत नाही, कापूनच टाकावा लागतो. काठ घडी घालून मध्यावर आणला आणि रंग ताडून पाहिला. तिथे फरक नव्हता.

फट एका टोकापासून २.६० मीटरवर होती, म्हणजे पलीकडे २.४५ उरत होते. दोन्ही बाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर सोडले तर २.५५ आणि २.४०. माझे दोन्ही कुर्ते बसत होते, दुसरा अगदी काठावर.

आता घासाघीस. दर कमी करा म्हटलं की घाऊकवाला लगेच नाही म्हणतो, कारण एकाला दर सोडला की शेजारी उभा असलेलाही तोच मागतो. लांबीवर मात्र तो बोलतो, कारण टेपवरचा आकडा त्यालाही दिसतो. मी टेप परत लावून ५.०५ दाखवले, मग कापड उजेडासमोर धरून फट दाखवली. तो म्हणाला, ‘ताई, पीस पूर्ण घ्यावा लागेल, कापून देणार नाही.’ ते बरोबरच होतं. मी अर्धा नेला असता तर त्याच्याकडे टोकाला फट असलेला तुकडा उरला असता. मी म्हटलं, ‘पूर्णच घेते, पण लांबी ४.८० लावा. दर तुमचाच राहू द्या.’ तो ४.९५ वर आला, म्हणजे फटीपुरतं सोडायला तयार झाला. मी दोन्ही टोकांच्या मळलेल्या, तिरक्या कापलेल्या कडा दाखवल्या आणि ४.८० वर थांबले. जमलं. तुलना करून पाहा: त्याने चिठ्ठीच्या ५.२० वर पाच टक्के दर सोडला असता, तरी मी ४.९४ मीटरचे पैसे दिले असते.

फट त्याला दाखवायची की गप्प राहायचं, असा विचार मला एकदाही आला नाही. दाखवल्याशिवाय सूट मागायला आधारच नसतो, आणि पुढच्या वेळी तोच माणूस मला चांगला पीस बाजूला काढून ठेवतो.

घरी आल्यावर फटीशी कापून दोन्ही तुकडे साध्या पाण्यात भिजवले, न पिळता आडवे वाळवले. २.४० चा २.३२ झाला, म्हणजे साधारण सव्वातीन टक्के आटला. पन्हा ४१ वर आला. २.२९ हवे होते, त्यामुळे तीन सेंटिमीटर हातात राहिले. पहिला कुर्ता मोठ्या तुकड्यातून कापून झालाय, गळ्याच्या पट्टीलाही कापड उरलं. छोट्या तुकड्यावर आखणी केली आहे, पण उभा धागा एका टोकाला किंचित तिरका वाटतोय. कात्री लावण्याआधी तो सरळ करून घेते.